कळीचा नाद

टंकलेखन यंत्राखाली फेल्टचा जाड तुकडा घालण्याची रीत ज्यांना आठवते, त्यांना या लेखाचा निम्मा विषय न सांगताच ठाऊक आहे. यंत्र नुसत्या लाकडी टेबलावर ठेवले की प्रत्येक अक्षरासरशी टेबलही वाजायचे. खाली फेल्ट घातला की अक्षर तेवढे वाजायचे आणि टेबल गप्प बसायचे. बँकेतल्या आमच्या जुन्या टायपिस्टबाई रजेवर जाताना यंत्राला कुलूप लावत नसत, पण तो फेल्ट मात्र कपाटात ठेवून जात. आवाज नेमका कुठून येतो, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय कळले होते.

संगणकाचा कळफलक आला आणि हा प्रश्न बरीच वर्षे कुणी विचारला नाही. स्वस्त कळफलकात कळांखाली रबराचा एक पातळ पडदा असतो, त्याचा आवाज येतो तो ओल्या पुठ्ठ्यासारखा, आणि त्याबद्दल चांगले-वाईट बोलण्यासारखे फारसे काही नसते. पण दक्षिण कोरिया, अमेरिका, चीन आणि आता आपल्याकडेही असे लोक आहेत, जे कळफलक तयार घेत नाहीत. पेटी वेगळी, स्विच वेगळे, कळांच्या टोप्या वेगळ्या, असे सुटे भाग आणून ते स्वतः जुळवतात. स्वयंपाकघरात पातेल्यावरून पितळ की स्टील ओळखावे तसे हे लोक आवाजावरून आतला माल ओळखतात. जाड, खोल आवाजाला ते ‘थॉक’ म्हणतात, आणि वरच्या पट्टीतल्या कडक आवाजाला ‘क्लॅक’.

मी या नादाला लागलो तो हौसेने नव्हे. दिवसाला दीड-दोन हजार शब्द कळफलकावर उतरवायचे आणि वय साठीच्या पुढचे, म्हणजे बोटांच्या पेरांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. शिवाय माझे लिखाण पहाटे साडेचारला सुरू होते, आणि पत्नी शेजारच्या खोलीत झोपलेली असते. माझा भाचा अभियंता आहे. तो म्हणाला, “मामा, तुम्ही स्विच बदलायच्या मागे लागू नका. स्विच फक्त टोला देतो. तो टोला पुढे कुठे जातो, ते आपण बघू.” ते बघण्यात आमचे पाच रविवार गेले.

आधी तो टोला समजून घ्यायला हवा. यांत्रिक स्विचची कळ साधारण ४ मिलिमीटर खाली जाते. अक्षर उमटते ते बहुधा निम्म्या वाटेवरच, २ मिलिमीटरच्या आसपास; पण बोट तिथे थांबत नाही. ते तळापर्यंत जाते आणि स्विचचा दांडा आतल्या प्लॅस्टिकच्या तळावर आदळतो. त्या आदळण्याचा आवाज म्हणजे एक छोटी, कोरडी टिचकी. स्विच हातात धरून कानाशी दाबला तर तेवढीच ऐकू येते. मग कळफलकातून येणारा तो भरदार किंवा किणकिणता आवाज कुठला? तो आजूबाजूच्या वस्तूंचा. स्विच बसलेला असतो एका प्लेटमध्ये; प्लेट टेकलेली असते पेटीला; आणि पेटीच्या पोटात हवा असते. टोला आधी प्लेटमध्ये शिरतो, मग पेटीत, मग त्या पोकळीत, आणि प्रत्येक जण त्यात आपला सूर मिसळतो. प्लेटचा धातू, तिचे टेकण आणि पोटातला फोम या तीन गोष्टी म्हणजे या वाटेवरचे तीन नाके आहेत.

आमचा कळफलक ६७ कळांचा, जड अॅल्युमिनियमच्या पेटीचा. त्याबरोबर तीन प्लेट मिळवल्या होत्या: एक अॅल्युमिनियमची, एक एफआर-४ची, म्हणजे सर्किट बोर्ड ज्या काच-तंतू आणि इपॉक्सीच्या थरांचा असतो त्याच मालाची, आणि तिसरी पॉलिकार्बोनेटची, जे प्लॅस्टिक हेल्मेटच्या काचेला वापरतात ते. तिन्ही दीड मिलिमीटर जाडीच्या. ही जाडी बदलता येत नाही, कारण स्विचच्या कडांवरचे खटके त्याच जाडीत अडकतील असे बनवलेले असतात. म्हणजे पर्याय उरतो तो मालाचा.

आकडे पाहिले तर फरक जबरदस्त दिसतो. वाकायला विरोध करण्यात अॅल्युमिनियम पॉलिकार्बोनेटच्या जवळजवळ तीसपट ताठ आहे, आणि एफआर-४ त्या दोघांच्या मधे. पितळ अॅल्युमिनियमपेक्षाही ताठ आणि तिपटीहून जड. पण दुकानदार जे सांगत नाहीत ते इथे सांगायला हवे. प्लेट हा अखंड पत्रा नसतोच. दर १९ मिलिमीटरला त्यात १४ मिलिमीटरचे चौकोनी भोक असते. हिशेब केला, आणि हिशेब करायची सवय आमच्या पेशाने लावलेली आहे, तर कळांच्या भागातला निम्म्याहून जास्त पत्रा कापून गेलेला असतो. उरते ती ५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यांची जाळी. त्या जाळीखाली एफआर-४चा सर्किट बोर्ड असतो, साधारण १.६ मिलिमीटर जाडीचा, आणि सदुसष्ट स्विचांच्या पिनांनी तो प्लेटशी बांधलेला असतो. प्लेट कितीही मऊ घेतली तरी ती या बोर्डाला धरूनच वाकणार. त्यामुळे तीसपट मऊ प्लेट घातली म्हणून कळफलक तीसपट मऊ होत नाही. बोटाला जाणवतो तो फरक त्या मानाने पुष्कळच थोडा. ज्यांना जास्त लवचिकपणा हवा असतो ते बोर्डालाच ओळींच्या मधे चिरा पाडलेला घेतात.

आवाजातला फरक मात्र थोडा नव्हता. त्याचे कारण ताठपणापेक्षाही मालाच्या अंगच्या ओढीत आहे. स्टीलचे ताट हातातून पडले की ते किती वेळ घुमत राहते! प्लॅस्टिकचे पडले तर एकदाच बोलून गप्प होते. धातू आपल्या अंगातले कंप सहज जिरवत नाही, प्लॅस्टिक जिरवते. प्लेटचेही तसेच. अॅल्युमिनियममध्ये वरच्या पट्टीतले कंप टिकतात, म्हणून टोला टणक आणि स्वच्छ वाटतो. पॉलिकार्बोनेटमध्ये ते लगेच विझतात आणि खालचा, गोल भाग मागे राहतो. एफआर-४ मधला.

आम्ही परीक्षा घेतली ती अशी. प्लेट बदलायची तर सगळ्या टोप्या आणि सगळे स्विच काढावे लागतात, कारण प्लेट स्विच आणि बोर्ड यांच्यामध्ये अडकलेली असते. त्याला तासभर लागतो, घाई केली तर जास्त. स्विच पुन्हा बसवताना त्याच्या दोन तांब्याच्या पिना सरळ आहेत ना, हे प्रत्येक वेळी उजेडाकडे धरून बघावे लागते, आणि बसवताना बोर्डाच्या मागून त्या जागी अंगठ्याचा आधार द्यावा लागतो. नाहीतर पिना जिथे शिरतात ते खोबण डाग सोडून मागे निघून येते. मग ती कळ मुकी होते. प्रत्येक जुळणीनंतर मी तोच एक परिच्छेद टंकित करायचा, भाच्याने मोबाइल त्याच जागी ठेवून ध्वनिमुद्रण करायचे, आणि पत्नीने शेजारच्या खोलीतून, आत काय घातले आहे हे न सांगता, आपले मत द्यायचे.

पहिल्या रविवारी अॅल्युमिनियमची प्लेट होती, पेटीत फोम नव्हता. “वाटीत चमचा वाजतोय,” आतून निकाल आला. दुसऱ्या रविवारी तीच प्लेट, पण पेटीत फोम. “आता बरं आहे, पण काहीतरी टोचतंय अजून.” तिसऱ्या रविवारी पॉलिकार्बोनेट आणि फोम नाही. थोडा वेळ शांतता, मग: “रिकाम्या डब्यावर बोटं वाजवल्यासारखं.” या तिसऱ्या निकालाने मला विचारात टाकले. मऊ प्लेटने किणकिण गेली खरी, पण तिने झाकलेली पेटीची पोकळी आता उघडी पडली होती. एक दोष काढला की त्यामागे उभा असलेला दुसरा दिसतो.

आता टेकण. प्लेट पेटीत बसवण्याचे प्रकार बरेच आहेत. जुना आणि स्वस्त प्रकार म्हणजे बोर्डच पेटीच्या तळातल्या खुंट्यांना स्क्रूने आवळणे. त्यात खुंटीजवळची कळ दगडासारखी लागते आणि दोन खुंट्यांमधली मऊ. बोटांना दर शब्दात रस्ता बदलल्यासारखे वाटते. दुसरा प्रकार, प्लेट पेटीच्या वरच्या भागाला कडेने स्क्रूने जोडणे. आणि तिसरा, सध्याचा लाडका, गॅस्केट. हा शब्द स्कूटर दुरुस्त करून घेतलेल्यांना ठाऊक आहे, आणि कुकरची रिंग हेही गॅस्केटच. इथे प्लेटला स्क्रू नसतोच. तिच्या कडेला ठिकठिकाणी जिभांसारखे भाग असतात, त्यांच्यावर खाली-वर मऊ पट्ट्या चिकटवतात, आणि पेटीचे दोन भाग मिटले की प्लेट त्या पट्ट्यांच्या मधे धरली जाते. धातूला धातू लागत नाही. पट्ट्या बहुधा पोरॉनच्या असतात, बारीक छिद्रांचा पॉलियुरेथेन फोम. दाबून ठेवला तरी तो सहसा कायमचा चपटा होत नाही. काही ठिकाणी सिलिकोन असते.

तबलजी डग्गा आणि तबला चुंबळीवर का ठेवतो, हे आठवले की गॅस्केट समजते. चुंबळ नुसती वाद्य स्थिर राहावे म्हणून नसते. वाद्य फरशीला बांधले जाऊ नये, त्याचा कंप फरशीत निघून जाऊ नये, म्हणूनही असते. गॅस्केटचे पहिले काम तेच, फक्त उलट्या हेतूने: टोला पेटीत जाऊ नये. अॅल्युमिनियमची जड पेटी म्हणजे एक घंटाच असते. तिला टोला पोचला की बारीक ‘टिंग’ येते. ती ओळखायची सोपी खूण अशी की एका हाताने पेटी घट्ट धरावी आणि दुसऱ्याने कळ दाबावी. टिंग गेली तर ती पेटीची. राहिली तर स्विचच्या आतल्या स्प्रिंगची, आणि तिथे प्लेट-फोम काही कामाचे नाही, स्विच उघडून स्प्रिंगला वंगण लावावे लागते.

गॅस्केटचे दुसरे काम म्हणजे उसळी, आणि तिच्याबद्दल फार अतिशयोक्ती चालते. प्रात्यक्षिकात लोक मधल्या कळांवर चार बोटांनी जोर देतात आणि सगळा कळफलक खाटेसारखा खाली जातो. असे कुणी लिहीत नाही. रोजच्या टंकनात प्लेट हलते ती डोळ्याला दिसणार नाही इतकी. पण बोटाला कळते. कळ तळाला आदळली की सगळे एकदम थांबण्याऐवजी किंचित पुढे जाऊन थांबते. जिना उतरताना शेवटची पायरी फरशीची असणे आणि तिच्यावर पायपुसणे असणे, इतकाच तो फरक. पण दिवसात हजारो वेळा तो घडतो.

या उसळीचा हिशेब पट्टीत नाही, खोबणीत आहे. आमच्या पट्ट्या ३ मिलिमीटर जाडीच्या, आणि पेटी मिटल्यावर त्यांना उरणारी जागा सव्वादोन. म्हणजे त्या सुरुवातीलाच पाऊण मिलिमीटर दबलेल्या. हे ठीक. जागा दीड मिलिमीटर असती तर पट्टी आधीच दडपली जाऊन तिच्यात लवायला काही उरले नसते, आणि नावाला गॅस्केट असूनही कळफलक स्क्रूने आवळल्यासारखा लागला असता. स्क्रू ढिले ठेवून यावर इलाज होत नाही. आमच्यासारख्या पेटीत वरचा आणि खालचा भाग एकमेकांना टेकतातच, तिथून पुढे स्क्रू पट्टीला काही करत नाही. ढिला स्क्रू फक्त वाजतो. उलट दोष म्हणजे एखादी पट्टी सुटणे. मग त्या कोपऱ्यात प्लेट धातूला टेकते आणि तिथल्या तीन-चार कळाच तेवढ्या वाजतात. अशा वेळी प्लेटच्या कडेने कागदाची पट्टी फिरवून बघावी; जिथे अडेल तिथे दोष.

चौथ्या रविवारी पॉलिकार्बोनेट आणि फोम दोन्ही घातले. आवाज उत्तम आला. “पाटावर चिंचोके टाकल्यासारखा,” असे प्रशस्तिपत्रकही मिळाले. पण बोटे खूश नव्हती. आधीच्या रविवारची उसळी नाहीशी झाली होती. प्लेट तीच, पट्ट्या त्याच, मधेच काय बिनसले?

भाच्याने फोमचा तुकडा मोजला, ४ मिलिमीटर. मग पेटीची पोकळी मोजायची होती, पण पेटी मिटल्यावर आत मोजपट्टी घालणार कशी? यावर तोडगा स्वयंपाकघरातून आला. घट्ट मळलेल्या कणकेच्या पाच गोळ्या केल्या, बोर्डाला ओल लागू नये म्हणून प्रत्येक गोळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, फोम काढून त्या पेटीच्या तळावर चार कोपऱ्यांत आणि मधोमध ठेवल्या, केबल काढलेली आहे याची खात्री करून पेटी मिटली, आणि पुन्हा उघडली. चपट्या झालेल्या गोळ्यांची जाडी म्हणजे आतली खरी जागा. तळापासून बोर्डापर्यंत ती ५ मिलिमीटर भरली. पण बोर्डाच्या खाली स्विचांची खोबणे लोंबतात, जवळजवळ २ मिलिमीटर, आणि त्यांच्याखाली गोळी ३ मिलिमीटरचीच राहिली होती. त्या ३ मिलिमीटरमध्ये ४ मिलिमीटरचा फोम कोंबलेला. सगळा बोर्ड त्या फोमवर टेकून बसला होता. गॅस्केटने प्लेटला अधांतरी धरायचे आणि फोमने खालून टेकू लावायचा, असा तो कारभार.

पेटीबरोबर आलेला फोम सर्वांत चांगला, असे गृहीत धरण्याचे काही कारण नाही, हे यावरून ध्यानात येते. विकणाऱ्याला पहिल्या ऐकण्यात आवाज भरदार यायला हवा असतो, आणि भरगच्च फोमने तो येतो. पण फोम खोल आवाज निर्माण करत नाही. दोन-चार मिलिमीटरचा फोम फक्त वरच्या पट्टीतले कंप शोषतो. खालच्या पट्टीतल्या लहरींना तो जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे ‘थॉक’ ही घातलेली गोष्ट नसून, बाकीचे काढून घेतल्यावर उरलेली गोष्ट आहे. फार काढले तर काहीच उरत नाही. आणखी एक फोम प्लेट आणि बोर्ड यांच्यामध्ये घालतात, आणि काही लोक स्विचच्या खाली अर्ध्या मिलिमीटरचा पॉलिथीन फोमचा पातळ ताव पसरतात. त्या तावाने आवाज गोट्या एकमेकींवर आपटल्यासारखा टपोरा होतो. पण हे सगळे एकदम भरले की वेगवेगळ्या प्लेटचे, वेगवेगळ्या स्विचचे कळफलक सारखेच वाजू लागतात. सगळ्या भाज्यांना एकच गोडा मसाला घातल्यावर होते तसे. मग महागाची प्लेट घेतली कशाला?

पाचव्या रविवारी आम्ही २ मिलिमीटरचा फोम कापून घातला. खोबणांखाली १ मिलिमीटर मोकळा राहिला, प्लेटला लवायला तेवढा पुरतो. उसळी परत आली. आवाज चौथ्या रविवारपेक्षा किंचित मोकळा झाला, डब्याची आठवण अगदी पुसली गेली नाही. तेवढे मी पत्करले. भाच्याने मग एफआर-४ लावून बघायचा आग्रह धरला, कारण पॉलिकार्बोनेटमध्ये एक उणीव होतीच: टोपी ओढून काढताना कधीकधी तिच्याबरोबर स्विचही उचकटून येत असे. मऊ प्लेटमध्ये स्विचच्या खटक्यांची पकड कमी पडते. शिवाय मधल्या कळा आणि कडेच्या कळा यांत थोडा फरक जाणवे. एफआर-४ने दोन्ही तक्रारी मिटवल्या आणि आवाज थोडा वर सरकला. माझ्या मते तो कादंबरी लिहिण्याला जास्त चांगला, कारण प्रत्येक अक्षराची कड ऐकू येते. पहाटेला मात्र पॉलिकार्बोनेटच हवे, असा शेजारच्या खोलीचा हुकूम आहे, आणि तोच चालू आहे.

बोटांचे म्हणाल, तर कळफलक हे सांध्यांचे औषध नव्हे. दुपारपर्यंत उजव्या तर्जनीचे पेर जे ठणकायचे ते आता कमी ठणकते. त्यात उसळीचा वाटा किती आणि मी आता कळा हलक्या हाताने दाबतो त्याचा किती, हे मला वेगळे काढता येत नाही. अंक टंकित करताना कोपऱ्यातली ती एक कळ अजूनही जरा जास्त वाजते. कागदाची पट्टी तिथे अडत नाही. भाचा म्हणतो, केबलचा सॉकेट त्या बाजूला बोर्डावरच बसवलेला आहे आणि पेटीच्या भोकाला त्याची कड घासत असेल. पुढच्या रविवारी तो कानस घेऊन येणार आहे.